दोन जोड्यांची गुणोत्तरे आणि तिघांचे वाटे

प्रश्न: अ आणि ब यांच्या वाट्यांचे गुणोत्तर ३ : ४ आहे, ब आणि क यांच्या वाट्यांचे ६ : ७ आहे, आणि तिघांत ७,००० ही रक्कम वाटायची आहे. मी आधी ३ : ४ : ७ घेतले, मग ब चे दोन्ही आकडे मिळवून ३ : १० : ७ घेतले. दोन्ही वेळा पूर्ण संख्या आल्या आणि बेरीजही ७,००० झाली, तरी उत्तर चूक आहे असे सांगतात. ब चे ४ धरायचे की ६?

उत्तर:

४ ही धरायचे नाहीत आणि ६ ही नाहीत. या उदाहरणात ब चा आकडा १२ आहे. तो कोठून येतो हे सांगण्याआधी तुमची दोन्ही उत्तरे नेमकी कोठे बिघडली ते पाहू, कारण त्यांतील बिघाड समजला की जोडणीची कृती वेगळी पाठ करावी लागत नाही.

पहिल्या प्रयत्नात तुम्ही ३ + ४ + ७ = १४ भाग केले, एक भाग ५०० चा आला आणि वाटे १,५००, २,००० आणि ३,५०० असे झाले. यात अ आणि ब यांचे गुणोत्तर १,५०० : २,००० म्हणजे ३ : ४ आहे, ते बरोबर आहे. ब आणि क यांचे मात्र २,००० : ३,५०० म्हणजे ४ : ७ झाले आहे, आणि हवे होते ६ : ७. दुसऱ्या प्रयत्नात भाग २० झाले, एक भाग ३५० चा आला आणि वाटे १,०५०, ३,५०० आणि २,४५० असे झाले. येथे तर दोन्ही गुणोत्तरे बिघडली आहेत. इतकेच नव्हे, तर क ला ब पेक्षा जास्त मिळायला हवे असताना ब चा वाटा सर्वांत मोठा झाला आहे. एवढी एक गोष्ट नजरेस आली असती तरी हे उत्तर पुढचा हिशेब न करताच टाकून देता आले असते.

आता बेरीज दोन्ही वेळा ७,००० का आली? कारण ती यायलाच हवी होती. कोणतेही तीन आकडे घ्या, त्यांच्या बेरजेने रक्कम भागा आणि आलेल्या भागाने त्याच तीन आकड्यांना गुणा. वाट्यांची बेरीज मूळ रकमेइतकीच भरते, मग ते तीन आकडे योग्य असोत वा नसोत. म्हणून बेरजेचा ताळा भागाकार-गुणाकारातील चूक पकडतो, गुणोत्तर जोडण्यातील चूक तो कधीच पकडू शकत नाही. पूर्ण संख्या येणे हाही पुरावा नाही. ७,००० या संख्येला १४, २० आणि ३५ या तिन्ही संख्यांनी निःशेष भाग जातो, त्यामुळे तुमच्या उदाहरणात चुकीचे रस्तेही सुबक उत्तरापर्यंत पोहोचतात. प्रश्न रचणाऱ्याने रक्कम मुद्दाम तशी निवडली असेल तर मला आश्चर्य वाटणार नाही; मीही वर्गासाठी अशा रकमा शोधून ठेवतो.

खरी अडचण अशी आहे की गुणोत्तरातील आकड्याला स्वतःचे मोजमाप नसते. ‘ब चे ४’ याचा अर्थ ब ला अमुक एक रक्कम मिळाली असा होत नाही. अ चा वाटा ज्या मापाने ३ वेळा भरतो, त्याच मापाने ब चा वाटा ४ वेळा भरतो, एवढेच ते गुणोत्तर सांगते. दुसरे गुणोत्तर ब आणि क यांना मोजण्यासाठी स्वतःचे वेगळे माप घेते, आणि त्या मापाने ब चा वाटा ६ वेळा भरतो. ब चा वाटा एकच आहे, पण तो दोन मापांनी मोजला गेला आहे. माप मोठे असेल तर आकडा लहान येतो आणि माप लहान असेल तर आकडा मोठा येतो; म्हणजे पहिल्या गुणोत्तराचे माप मोठे आणि दुसऱ्याचे लहान असले पाहिजे, हे रक्कम न पाहताही सांगता येते.

हे लक्षात घेतले की तुमच्या दोन चुका वेगळ्या दिसू लागतात. ३ : ४ : ७ लिहिताना तुम्ही अ आणि ब यांना मोठ्या मापाने मोजले आणि क चे ७, जे लहान मापाचे होते, तेही मोठ्या मापाचे समजलात, त्यामुळे क चा वाटा फुगला. ३ : १० : ७ लिहिताना तर ब चे मोठ्या मापाचे ४ आणि लहान मापाचे ६ एकमेकांत मिळवले. दोरीची तीच लांबी एकदा हातांनी ४ भरली आणि एकदा वितींनी ८ भरली, म्हणून ती १२ आहे असे आपण म्हणणार नाही. ब च्या बाबतीत नेमके तेच झाले आहे.

मग जोडायचे म्हणजे काय करायचे? दोन्ही गुणोत्तरे एकाच मापात आणायची. ब चा वाटा मोठ्या मापाने ४ आणि लहान मापाने ६ भरतो, म्हणून दोन्ही मापांत पूर्ण वेळा बसेल असे तिसरे, आणखी लहान माप शोधायचे. त्या नव्या मापाने ब चा आकडा असा हवा की तो ४ च्याही पटीत असेल आणि ६ च्याही. अशी लहानात लहान संख्या म्हणजे ४ आणि ६ यांचा लसावि, १२. येथून पुढचे काम थोडे आहे:

अ : ब = ३ : ४ = (३ × ३) : (४ × ३) = ९ : १२

ब : क = ६ : ७ = (६ × २) : (७ × २) = १२ : १४

अ : ब : क = ९ : १२ : १४

पहिल्या ओळीत ३ ने गुणणे म्हणजे मोठ्या मापाच्या प्रत्येक भागाचे ३ तुकडे करणे. अ कडे ३ भाग होते, ते ९ तुकडे झाले. ब कडे ४ होते, ते १२ झाले. कोणाच्याही वाट्याला काही नवे आले नाही किंवा काही गेले नाही, फक्त मोजणी बारीक झाली, म्हणून गुणोत्तर जसेच्या तसे राहिले. दुसऱ्या ओळीत लहान मापाच्या प्रत्येक भागाचे २ तुकडे केले. दोन्हीकडचे तुकडे आता सारखेच आहेत, कारण ब चा तोच वाटा दोन्ही ओळींत १२ तुकड्यांचा झाला आहे. ब चा आकडा साखळीत एकदाच लिहायचा, हे त्यामुळे आपोआप ठरते.

येथे एक चूक वारंवार दिसते. ४ चे ६ करायचे म्हणून काही विद्यार्थी पहिल्या गुणोत्तराच्या दोन्ही पदांत २ मिळवतात आणि ५ : ६ : ७ अशी नीटनेटकी साखळी लिहितात. ती इतकी सुंदर दिसते की लिहिणाऱ्याला शंकाच येत नाही. पण ३ : ४ मध्ये अ ला ब च्या ७५ टक्के मिळतात आणि ५ : ६ मध्ये ८३ टक्क्यांहून अधिक. मिळवताना दोघांना सारखेच २ भाग दिले गेले, आणि ज्याच्याकडे आधी कमी होते त्याच्यासाठी ते २ भाग तुलनेने जास्त भरले. गुणोत्तर गुणाकाराने आणि भागाकाराने टिकते, दोन्ही पदांत तीच संख्या मिळवण्याने टिकत नाही. अपवाद फक्त दोन्ही पदे समान असतानाचा.

साखळी तयार झाल्यावर वाटणीत नवे काही उरत नाही. ९ + १२ + १४ = ३५ भाग, एक भाग ७,००० ÷ ३५ = २००, म्हणून अ ला ९ × २०० = १,८००, ब ला १२ × २०० = २,४०० आणि क ला १४ × २०० = २,८००.

ताळा घेताना बेरीज शेवटी पाहा. आधी दिलेली दोन गुणोत्तरे उत्तराच्या आकड्यांतून परत मिळतात का ते पाहा. १,८०० : २,४०० ला ६०० ने भागले की ३ : ४ येते आणि २,४०० : २,८०० ला ४०० ने भागले की ६ : ७ येते. हे ६०० आणि ४०० म्हणजेच ती सुरुवातीची दोन मापे आहेत. मोठे माप ६०० चे होते, लहान ४०० चे, आणि दोघांत पूर्ण वेळा बसणारे आपण शोधलेले माप २०० चे. ६०० मध्ये २०० तीन वेळा बसतात, म्हणून पहिल्या गुणोत्तराला ३ ने गुणले; ४०० मध्ये ते दोन वेळा बसतात, म्हणून दुसऱ्याला २ ने. गुणक पुस्तकात ‘लसावि भागिले पद’ असे येतात, पण ते खरे म्हणजे एका मापात दुसरे माप किती वेळा बसते याची उत्तरे आहेत. कधी गुणकांची अदलाबदल होऊन पहिल्या ओळीला २ आणि दुसरीला ३ लागले, तर ब चे आकडे ८ आणि १८ असे वेगळे येतील आणि चूक तेथेच कळेल.

लसावि न काढताही साखळी मिळते, आणि परीक्षेच्या घाईत बरेच जण तोच मार्ग घेतात: पहिले गुणोत्तर दुसऱ्यातील ब च्या आकड्याने गुणायचे आणि दुसरे गुणोत्तर पहिल्यातील ब च्या आकड्याने. येथे ते (३ × ६) : (४ × ६) : (४ × ७) म्हणजे १८ : २४ : २८ असे येते. ब चे आकडे जुळणारच, कारण ४ × ६ आणि ६ × ४ एकच आहेत. तिन्ही पदांना २ ने भागले की ९ : १२ : १४ मिळते, पण भागले नाही तरी वाटणी चुकत नाही, ७० भाग होतात, एक भाग १०० चा येतो आणि वाटे तेच राहतात. मात्र संक्षेप करायचाच असेल तर तिन्ही पदांना एकाच संख्येने भागायला हवे. १८ आणि २४ यांना ६ ने भाग जातो म्हणून तेवढे दोनच छोटे करून ३ : ४ : २८ लिहिलेल्या वह्या मी पाहिल्या आहेत, त्यात पहिली जोडी शाबूत राहते आणि दुसरी पूर्ण मोडते.

पदे अपूर्णांकांत किंवा दशांशांत दिली असतील तर मला तिसरा मार्ग सोयीचा वाटतो. दोन्ही गुणोत्तरांत जो सामाईक आहे त्याचा वाटा १ धरायचा. ब = १ धरले तर अ = ३/४ आणि क = ७/६, आणि तिघांची बेरीज ३/४ + १ + ७/६ = ३५/१२. आता ब चा वाटा सरळ ७,००० ÷ ३५/१२ = २,४०० असा येतो, त्याचे तीन चतुर्थांश म्हणजे अ चे १,८०० आणि सात षष्ठांश म्हणजे क चे २,८००. या मार्गात साखळी लिहावीच लागत नाही. ती हवी असेल तर तिन्ही अपूर्णांकांना १२ ने गुणा, पुन्हा ९ : १२ : १४ च येईल.

आतापर्यंत सामाईक व्यक्ती ब होती आणि ती पहिल्या गुणोत्तरात शेवटी व दुसऱ्यात सुरुवातीला होती, म्हणून दोन ओळी आपोआप एकमेकींना लागल्या. खरी परीक्षा तशी मांडणी नसते तेव्हा होते. समजा अ : ब = २ : ३ आणि अ : क = ४ : ५ दिले आहे. आकडे पाहून हात चालवणारा २ : ३ आणि ४ : ५ जोडून ८ : १२ : १५ लिहितो, ही साखळी अ : ब आणि ब : क दिले असते तर बरोबर ठरली असती. येथे सामाईक अ आहे. म्हणून पहिले गुणोत्तर उलटून ब : अ = ३ : २ लिहायचे, अ मध्ये येईल असे करायचे, आणि मग अ चे २ आणि ४ सारखे करायचे: ब : अ = ६ : ४, अ : क = ४ : ५, म्हणून ब : अ : क = ६ : ४ : ५, आणि क्रम लावून अ : ब : क = ४ : ६ : ५. उलटायचे नसेल तर अक्षरांखाली आकडे मांडून अ च्या स्तंभातील संख्या सारख्या केल्या तरी चालते. कोणतीही पद्धत घ्या, पण आकड्यांना हात लावण्याआधी दोन्ही जोड्यांत कोण आहे ते शोधा. तीन व्यक्तींमधून दोन वेगवेगळ्या जोड्या घेतल्या तर एक व्यक्ती दोन्हींत असतेच, त्यामुळे तिघांचा प्रश्न नेहमी जोडता येतो. चौघे असतील आणि अ : ब व क : ड एवढेच दिले असेल, तर दुवा नसल्यामुळे वाटणी ठरत नाही.

गुणोत्तर आकड्यांऐवजी शब्दांत दिले असेल तर चूक जोडणीच्या आधीच होते. आपल्या भाषेत यासाठी नेमके शब्द आहेत, आणि ते गुणोत्तरात सहज उतरतात: अ चा वाटा ब च्या पाऊणपट असेल तर अ : ब = ३ : ४, सव्वापट असेल तर ५ : ४, दीडपट असेल तर ३ : २, अडीचपट असेल तर ५ : २. ‘पट’ हा शब्द आला की तुलना कोणाशी केली आहे ते पाहून त्या व्यक्तीला १ धरायचे. ‘जास्त’ आणि ‘कमी’ यांना थोडे अधिक जपावे लागते. ‘अ ला ब पेक्षा एक चतुर्थांश जास्त’ याचा अर्थ अ : ब = ५ : ४, पण त्यावरून ‘ब ला अ पेक्षा एक चतुर्थांश कमी’ असे निघत नाही; ब ला अ पेक्षा एक पंचमांश कमी असते, कारण आता चतुर्थांश ज्याचा घ्यायचा ती रक्कमच बदलली. ‘दुपटीने जास्त’ असा प्रयोग प्रश्नात आला तर मात्र विचारून घ्यावे. बोलताना बहुतेकांना त्यातून दुप्पट म्हणायचे असते, पण शब्दशः पाहिले तर त्यातून तिप्पटही निघू शकते.

हे सगळे एकत्र येणारे एक उदाहरण पूर्ण सोडवून दाखवतो. १८,५०० ही रक्कम तिघांत अशी वाटायची आहे की अ चा वाटा ब च्या दीडपट असावा आणि क ला अ पेक्षा २० टक्के कमी मिळावेत. पहिल्या वाक्यावरून अ : ब = ३ : २. दुसऱ्या वाक्यात तुलना अ शी आहे, म्हणून अ चे १०० धरले तर क चे ८०, म्हणजे अ : क = ५ : ४. दोन्ही जोड्यांत अ आहे आणि त्याचे आकडे ३ आणि ५ आहेत, लसावि १५. पहिली जोडी ५ ने गुणून अ : ब = १५ : १०, दुसरी ३ ने गुणून अ : क = १५ : १२, आणि साखळी अ : ब : क = १५ : १० : १२. हिशेब पुढे नेण्याआधी क्षणभर थांबून क्रम पाहावा: अ सर्वांत मोठा असायला हवा, तो आहे, ब हा अ च्या दोन तृतीयांश आणि क हा चार पंचमांश, म्हणून क हा ब पेक्षा मोठा हवा, तोही आहे. भाग ३७, एक भाग १८,५०० ÷ ३७ = ५००, आणि वाटे अ ला ७,५००, ब ला ५,०००, क ला ६,०००. ताळा मूळ वाक्यांवर घ्यायचा, आपण लिहिलेल्या गुणोत्तरांवर नाही, कारण शब्दांचे गुणोत्तर करतानाच चूक झाली असेल तर गुणोत्तरावरचा ताळा ती दाखवणार नाही. ५,००० ची दीडपट ७,५००, ठीक. ७,५०० चे २० टक्के १,५००, ते वजा केले की ६,०००, ठीक. बेरीज १८,५००, ठीक.

रक्कम एकूण न देता दोघांतला फरक दिला असेल, तरी साखळी तीच राहते. तुमच्याच पहिल्या उदाहरणात ‘क ला अ पेक्षा १,००० जास्त मिळाले’ एवढेच सांगितले असते, तर १४ − ९ = ५ भाग म्हणजे १,०००, एक भाग २००, आणि तेथून तिन्ही वाटे मिळाले असते.

कधी कधी तिसऱ्या जोडीचेही गुणोत्तर दिलेले असते, आणि मग प्रश्न जोडण्याचा राहत नाही, सुसंगतीचा होतो. दोन जोड्यांनी साखळी पूर्ण ठरते, त्यामुळे तिसरी जोडी मनाप्रमाणे असू शकत नाही. अ : ब = ३ : ४ आणि ब : क = ६ : ७ मान्य केले की अ : क हे ९ : १४ च असणार. दोन गुणोत्तरे अपूर्णांक म्हणून गुणली तरी तेच दिसते: ३/४ × ६/७ = १८/२८ = ९/१४. तिसरे गुणोत्तर क : अ = ३ : २ असे दिले असेल तर १४ : ९ शी ते जुळत नाही, आणि अशी वाटणी कोणालाच करता येणार नाही; तेथे आकडेमोड करत बसण्याऐवजी दिलेली माहिती तपासावी. हा गुणाकार म्हणजे संयुक्त गुणोत्तर. नावामुळे तो जोडणीचा नियम वाटतो, पण त्यात ब नाहीसा होतो आणि हाती फक्त अ आणि क यांचे नाते उरते. फक्त अ : क विचारले असेल तर तेवढे पुरे, रक्कम तिघांत वाटायची असेल तर ब चा आकडा हवाच. तसेच परंपरित प्रमाण हा शब्दही येथे लावू नये. त्यात अ : ब आणि ब : क ही दोन गुणोत्तरे एकमेकांशी समान असतात, आपल्या साखळीत तशी अट नाही.

शेवटी रकमेला भागांच्या बेरजेने निःशेष भाग जात नसेल तेव्हाचे. ९ : १२ : १४ या प्रमाणात ७,००० ऐवजी १०,००० वाटायचे असते, तर एक भाग १०,००० ÷ ३५ = २८५.७१४२… असा न संपणारा आला असता. बरेच जण तो येथेच २८५.७१ असा तोडतात आणि त्याने गुणतात. मग वाटे २,५७१.३९, ३,४२८.५२ आणि ३,९९९.९४ असे येतात आणि बेरीज ९,९९९.८५ भरते. तोडलेला लहानसा तुकडा ३५ वेळा गुणला गेला, म्हणून ०.१५ ची तूट दिसली. त्याऐवजी आधी गुणून मग भागावे: ९ × १०,००० ÷ ३५ = २,५७१.४३, १२ × १०,००० ÷ ३५ = ३,४२८.५७ आणि १४ × १०,००० ÷ ३५ = ४,०००. येथे बेरीज बरोबर १०,००० येते. क चा वाटा तर पूर्ण संख्याच होता, भाग आधी तोडल्यामुळेच तो बिघडला होता.

आधी गुणले तरी काही रकमांत शेवटच्या दशांश स्थानी ०.०१ चा फरक राहू शकतो. तो कोणाच्या वाट्यात टाकायचा हे गुणोत्तर सांगत नाही, ते वाटणाऱ्यांनी ठरवायचे. दोन वाटे काढून तिसरा वजाबाकीने काढण्याची सोय त्यासाठीच वापरली जाते, आणि ती वापरायला हरकत नाही. पण तसे केले तर बेरजेच्या ताळ्याला काहीच अर्थ उरत नाही, कारण बेरीज जमवूनच तो तिसरा आकडा लिहिलेला असतो. अशा वेळी तिसऱ्या वाट्याचे दुसऱ्या एखाद्या वाट्याशी असलेले गुणोत्तर पाहून घ्यावे लागते.